आत्या आणि वरचा आकडा

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे आत्या म्हणायचे. फार पूर्वी त्यांचा खरा भाचा आमच्याकडे सहा महिने नोकरीला होता. तो भर मीटिंगमध्ये "आत्या, चार्जर आहे का गं?" असं विचारायचा. भाचा दुसरीकडे गेला, पण आत्या हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आमच्या मोठ्या साहेबांनीही एकदा पाहुण्यांसमोर "या आमच्या आत्या" अशी ओळख करून दिली होती. पाहुणे बिचारे त्यांच्या पाया पडायच्या बेतात होते.

कागदावर मी त्यांचा साहेब होतो. वयाने त्यांच्यापेक्षा तेवीस वर्षांनी लहान. माझं डोकं चटकन फिरतं, हे मला माहीत आहे, ऑफिसलाही माहीत आहे. आत्यांचं डोकं कधी फिरायचं नाही, आणि त्यामुळेच माझं जास्त फिरायचं.

आमची कंपनी म्हणजे मधला माणूस. एका बाजूला रक्त तपासणाऱ्या लॅब, दुसऱ्या बाजूला दवाखाने. लॅबने तपासणीचा आकडा आमच्याकडे पाठवायचा आणि दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामने तो आमच्याकडून मागून घ्यायचा. एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे कसं मागायचं आणि दुसऱ्याने कसं द्यायचं, या ठरावाला एपीआय म्हणतात. आमच्याकडचा पहिला ठराव आत्यांनी अकरा वर्षांपूर्वी एकहाती बांधला होता. त्याच्या पत्त्यातच 'व्ही-वन' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे पहिलं व्हर्जन. तेव्हा दुसरं कधी निघेल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मी एकदा विचारलं, "आत्या, मग पत्त्यात एक कशाला घातलात?" तर म्हणाल्या, "अरे, पहिलं मूल झाल्यावरच कळतं की दुसरं होऊ शकतं."

शिक्षणाने त्या प्रोग्रामर नव्हत्या. एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायला लागल्या होत्या. दिवसाला तीनशे रिपोर्ट. चार वर्षं तेच ते टाइप करून वैतागल्या आणि वैतागाच्या भरात प्रोग्रामिंग शिकल्या. पुस्तकं आणली, घरी जेवणं उरकली की टेबलावर मांडायच्या. त्यांचे यजमान माल पोचवायची व्हॅन चालवायचे. ते समोर बसून पेंगायचे आणि मध्येच विचारायचे, "झालं का गं?" आत्या म्हणायच्या, "नाही झालं, झोपा तुम्ही." ते काही झोपायचे नाहीत. हे सांगताना आत्या नेहमी हसायच्या, आणि मला त्या माणसाचं फार कौतुक वाटायचं.

आत्यांची एक सवय होती, तिच्यावर अख्खं ऑफिस हसायचं. एपीआयमध्ये काहीही बदल करायचा म्हटला की त्या फोन घेऊन बसायच्या. प्रत्येक जुन्या दवाखान्यात त्यांनी एक नकली रुग्ण करून ठेवला होता. त्याच्या तपासण्या नकली, आकडे आत्यांनी ठरवलेले. त्याला त्या 'नमुना' म्हणायच्या. बदल आधी एका दवाखान्यापुरता चालू करायचा, मग तिथे फोन लावायचा आणि सिस्टरला सांगायचं, "बाई, जरा नमुन्याचं पान उघडा आणि स्क्रीनवर काय दिसतंय ते मला वाचून दाखवा." सिस्टर वाचायची, आत्या पेन्सिलने वहीत टिक करायच्या, मग पुढचा दवाखाना. एकतीस जुने दवाखाने, एकतीस फोन. दोन दिवस जायचे. आमच्याकडे आपोआप चालणाऱ्या साडेचारशे चाचण्या होत्या. त्या चार मिनिटांत संपायच्या. मी म्हणायचो, "आत्या, मशीन तपासतंय ना सगळं!" त्या म्हणायच्या, "मशीन आपलं तपासतं. त्यांच्या स्क्रीनवर काय दिसतंय ते मशीनला कुठे दिसतं?"

त्या एकतीसांत एक दवाखाना त्यांच्या जरा जास्त जवळचा होता. एक डॉक्टरीणबाई एकट्या तो चालवायच्या. हृदयाच्या झडपा बदललेले, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असलेले रुग्ण त्यांच्याकडे जास्त. या गोळ्यांचं फार नाजूक असतं. रक्त किती पातळ झालंय याचा एक आकडा असतो. बहुतेकांचा तो दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. कमी आला तर रक्ताची गाठ व्हायची भीती, म्हणून गोळी वाढवायची. जास्त आला तर आत रक्तस्राव व्हायची भीती, म्हणून कमी करायची. सकाळी रक्त द्यायचं, थोड्या वेळाने आकडा येतो, तो बघून डॉक्टरीणबाई गोळी ठरवतात आणि रुग्ण ती संध्याकाळी घेतो.

हा आकडा दाखवणारा प्रोग्राम डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने लिहिलेला होता. ते शाळेत गणित शिकवायचे, हौस म्हणून प्रोग्रामिंग करायचे. आमच्या व्ही-वनला जोडून घेतलेला तो पहिला दवाखाना. स्क्रीनवर मधोमध एकच आकडा, हाताच्या पंजाएवढा. कारण बाईंना जवळचं नीट दिसायचं नाही आणि चष्मा कायम हरवलेला असायचा. पाच वर्षांपूर्वी ते मास्तर वारले. तेव्हापासून त्या प्रोग्रामला कुणी हात लावलेला नव्हता. लावता येणारं कुणी उरलंच नव्हतं.

यंदा आम्ही दुसरं व्हर्जन काढायला घेतलं. नव्या दवाखान्यांना आकड्यांचे आलेख काढायचे होते, वर्षानुवर्षांच्या तपासण्या पानापानाने हव्या होत्या. आम्ही यादीचा क्रम बदलला. आधी सगळ्यात नवी तपासणी वर असायची, आता सगळ्यात जुनी वर आणि नवी शेवटी. त्याला कारण होतं. वर नवी तपासणी येऊन बसली की बाकीच्या खाली सरकतात आणि पानं वाचणाऱ्याला एकच नोंद दोनदा दिसते. शेवटी भर पडली तर आधीची पानं जागची हलत नाहीत. बदल चांगलाच होता, मी आजही तेच म्हणेन.

मग व्हर्जन ओळखायचं कसं, यावर मीटिंग झाली. मीटिंग कसली, आखाडाच. आमच्यात एक विद्वान आहेत, त्यांना आम्ही शास्त्रीबुवा म्हणतो. शास्त्रीबुवांचं म्हणणं, व्हर्जन मीडिया टाइपमध्ये टाकावं. म्हणजे मागणाऱ्याने 'मला या साच्यातलं, दुसऱ्या व्हर्जनचं उत्तर चालेल' असं मागणीबरोबरच सांगायचं, आणि तो साचा आपल्याकडे नसेल तर आपण सरळ नकार द्यायचा. त्यांनी पाऊण तास समजावलं, कुणाला काही कळलं नाही, सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं म्हणणं, पत्ता एकच आणि स्वच्छ ठेवू. मागणीसोबत जे हेडर जातात, पाकिटावर लावलेल्या चिठ्ठ्यांसारखे, त्यात एक व्हर्जनचा हेडर ठेवू.

आत्या म्हणाल्या, "पत्त्यातच राहू दे रे. पत्ता फोनवर वाचून दाखवता येतो. चिठ्ठी कुणाला दिसते? आणि चिठ्ठी लावलीच नाही तर काय देणार?"

"तर सगळ्यात नवीन व्हर्जन," मी म्हणालो.

"म्हणजे ज्याने काहीच मागितलं नाही, त्याच्या घरातलं सामान तू उद्या परस्पर बदलणार?"

सगळे हसले. पण मुद्दा बिनतोड होता. चिठ्ठी नसेल तर दवाखाना ज्या व्हर्जनवर पहिल्यांदा जोडला गेला तेच द्यायचं, असं ठरलं. नवे लोक हेडर वापरतील आणि व्ही-वनचा जुना पत्ताही चालू राहील. फक्त त्यामागे जुना कोड न ठेवता मी एक दुभाष्या लिहीन. तो आतून नव्या व्हर्जनकडून उत्तर घेईल, नावं जुनी करेल आणि पुढे देईल. दोन-दोन कोड सांभाळायला नकोत. इथपर्यंत सगळं झकास.

मग आत्यांनी विचारलं, "आणि क्रम? जुन्यांना वरची तपासणी ताजी लागेल."

आता मात्र मी वैतागलो होतो. दोन तास होऊन गेले होते. मी म्हणालो, "आत्या, व्ही-वनच्या कागदपत्रांत क्रमाबद्दल एक अक्षर नाही. नावं बदलली, एखादी गोष्ट काढून टाकली, तर जुन्यांचं मोडतं, ते आपण सांभाळतोय. पण जे वचन आपण दिलेलंच नाही, ते मोडलं कसं? लिहिलंय कुठे?"

आत्यांनी वही मिटली. पेन्सिल वहीवर ठेवली आणि नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, जिंकलो. पंधरा माणसांसमोर आत्यांना गप्प केलं याचा मला आनंद झाला होता, हे आज लिहितानाही लाज वाटते.

दुभाष्या तयार झाला. जुन्या कोडचं उत्तर आणि दुभाष्याचं उत्तर ताडून बघणाऱ्या चाचण्या मी स्वतः लिहिल्या. तिथे मी काय केलं ते ऐका. दोन याद्या ताडताना क्रम मागेपुढे असेल तर उगाच चाचणी नापास होते. म्हणून ताडण्याआधी दोन्ही याद्या तारखेप्रमाणे लावून घेतल्या. झालं! जी एक गोष्ट बदलली होती, नेमकी तीच बघायची नाही अशी सोय मी माझ्या हाताने केली. चाचण्या हिरव्यागार. साडेचारशेच्या साडेचारशे पास.

सोमवारी सकाळी आत्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. अकरापर्यंत येणार होत्या. मी नऊ वाजता नवा कोड एकतीसच्या एकतीस दवाखान्यांना चालू करून टाकला. त्यांची वाट बघितली असती तर पुन्हा दोन दिवस ते फोन, ते टिक करणं. मी स्वतःला सांगितलं, चाचण्या पास आहेत, आणखी काय पाहिजे?

अकराला आत्या आल्या. गाल सुजलेला, अर्धं तोंड बधिर. नवा कोड चालू केल्याचं मी सांगितलं. रागावल्या नाहीत. पर्स ठेवली, खुर्ची ओढली आणि फोन उचलला. पहिला फोन डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात. बधिर तोंडाने त्या नेमकं काय म्हणताहेत ते सिस्टरला कळेना. तीनदा सांगितल्यावर नमुन्याचं पान उघडलं गेलं.

सिस्टर म्हणाली, "एक पूर्णांक एक."

आत्यांनी वही बघितली. नमुन्याचा सगळ्यात जुना आकडा १.१ आणि सगळ्यात नवा २.४. "बाई, पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. तिने पुन्हा वाचलं. आत्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "परत फिरव. आत्ताच्या आत्ता."

मी "पण आत्या—" म्हणालो.

"अरे, मेल्या, ते मास्तर यादीतला वरचा आकडा घेत होते! तारीख बघतच नाही तो प्रोग्राम. वरचा घेतो आणि पंजाएवढा करून दाखवतो. परत फिरव!"

अकरा वर्षांत त्या पहिल्यांदा कुणावर ओरडल्या होत्या. अख्खं ऑफिस उठून उभं राहिलं. जुना कोड परत चालू करायला मला चार मिनिटं लागली. घाईत पासवर्ड दोनदा चुकला.

कोड परत फिरतो. पण सकाळी नऊपासून दवाखान्यात बसलेली माणसं आकडा घेऊन, गोळी बदलून घरी गेली होती, ती कशी परत फिरणार? आमचा प्रोग्राम बंद पडला असता तर स्क्रीन कोरी दिसली असती, बाईंनी लॅबला फोन केला असता. बंद पडलाच नाही ना! नीटनेटका, आत्मविश्वासाने, कित्येक वर्षांपूर्वीचा आकडा आजचा म्हणून दाखवत राहिला. मी खुर्चीत डोकं धरून बसलो.

आत्या म्हणाल्या, "रडायचं नंतर. नोंदी काढ."

प्रत्येक मागणीची नोंद सर्व्हरवर राहते, ती मी काढली. नऊ ते अकरा वाजून बारा मिनिटं. त्या दवाखान्यातून बावीस मागण्या. आमच्याकडे नुसते रुग्ण क्रमांक असतात, नावं नसतात. मी प्रत्येक क्रमांकापुढे दोन आकडे लिहिले, बाईंना काय दिसलं आणि खरं काय होतं. आत्यांनी फोनवर एकेक वाचला, बाईंनी आपल्या रजिस्टरमधून नाव जुळवलं. बाकीच्या रांगेतल्यांना बाईंनी थांबवून ठेवलं होतं. बावीसांपैकी अठरा जणांचं निभावलं. कुणाचा जुना-नवा आकडा जवळपास सारखा, कुणाच्या बाबतीत बाईंनाच शंका येऊन त्यांनी गोळी तीच ठेवलेली. चार जणांची गोळी चुकीची बदलली गेली होती.

सगळ्यात वाईट प्रकरण शेवटचं. एक म्हातारे टेलर. बाईंना दिसलं १.६, म्हणजे रक्त घट्ट, म्हणून गोळी वाढवलेली. खरा आकडा होता ४.३. रक्त आधीच जास्त पातळ, आणि त्यावर आज संध्याकाळी वाढीव गोळी. बाईंनी तो आकडा पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "ते संध्याकाळी सहाला घेतात. मी लावते सगळ्यांना फोन."

तिघांना फोन लागले. टेलरकाका उचलेनात. दर दहा मिनिटांनी बाई लावत होत्या आणि मध्ये मध्ये आमच्याशी बोलत होत्या. दरम्यान आत्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांना फोन वाटून दिले आणि सकाळी काय दिसलं ते विचारत बाकीचे तीस दवाखाने पिंजून काढले. इतर सगळे प्रोग्राम तारीख बघून आकडा निवडत होते. फसला होता तो हा एकच. चार वाजता बाई म्हणाल्या, "माझ्याकडे पत्ता आहे. पण दवाखान्यात अजून चौदा जण बसलेत, मी उठू कशी?"

"आम्ही जातो," आत्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघून, "गाडीची किल्ली घे."

पुढे ऑफिसात आम्ही काय काय केलं ते इथेच सांगून टाकतो. शेवटी सांगायला मला आवडणार नाही. दुभाष्या आम्ही ठेवला, पण त्याला व्ही-वनचा क्रम शिकवला, आणि चाचण्यांमध्ये याद्या आहेत तशाच ताडायला लागलो. व्ही-वन बंद करायची तारीख ठरवली, दीड वर्षानंतरची. ती तारीख त्याच्या प्रत्येक उत्तरासोबत हेडरमधून जाते, पण चिठ्ठी कुणाला दिसत नाही म्हणून एकतीस पत्रंही गेली. आधी सांगून, ठरवून, रुग्ण नसतात अशा वेळी व्ही-वन दहा मिनिटं बंद ठेवतो. ज्यांनी पत्र वाचलेलं नसतं त्यांचा लगेच फोन येतो. नोंदींमध्ये व्ही-वनच्या मागण्या शून्यावर आल्याशिवाय ते कायमचं बंद होणार नाही. आत्या आता निवृत्त झाल्या आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसतात, मास्तरांचा प्रोग्राम नव्या व्हर्जनवर आणतायत. फुकट. यजमान त्यांना व्हॅनने सोडतात आणि बाहेर बसून पेंगतात.

तर टेलरकाकांचं घर. रस्त्याला दुरुस्ती चालू, गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. मी हॉर्नवर हात ठेवून होतो, समोरच्या ट्रकवाल्याला नको नको ते बोललो. आत्या नुसत्या घड्याळ बघत होत्या. पाच वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो. मी धापा टाकत होतो, आत्या माझ्या पुढे.

दार त्यांच्या बायकोने, काकूंनी उघडलं. आतून शिलाई मशीनचा खडखडाट. खोली लहान, भिंतीवर टांगलेले कागदी मापाचे तुकडे, खिडकीशी मशीन, आणि मशीनवर वाकलेले काका. त्यांना ऐकू कमी यायचं आणि मशीन चालू असताना तर काहीच नाही. त्यांचा मोबाइल कापडाच्या ढिगाखाली होता. टेबलावर वाटीत गोळ्या काढून ठेवलेल्या, शेजारी पाण्याचा पेला.

आत्यांनी पहिल्यांदा ती वाटी उचलून हातात घेतली. नाव नाही, गाव नाही, आधी वाटी. काकू दचकल्या. "अहो बाई, हे काय?"

"ह्या आज द्यायच्या नाहीत," आत्या म्हणाल्या. आणि तिथेच, दारात, त्यांना रडू फुटलं. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. काकू घाबरल्या. मी पुढे होऊन सगळं सांगितलं, जमेल तसं. काकांनी मशीन थांबवलं. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला, त्यांनी काकूंशी बोलून खात्री पटवली.

"बाई मला सकाळी म्हणाल्या गोळी वाढवा," काकू म्हणाल्या. "सहा वर्षांत एकदम एवढी कधीच वाढवली नव्हती. मला पटेना, दुपारपासून माझ्या मोबाइलवरून दवाखान्यात फोन लावतेय. सारखा एंगेज! कोण मेलं त्यांच्याशी दिवसभर बोलत बसलं होतं, देव जाणे."

दिवसभर आम्हीच बोलत होतो. मी मान खाली घातली.

काका मशीनवरून उठून आमच्यासमोर येऊन बसले. शांतपणे विचारलं, "म्हणजे चूक कुणाची? डॉक्टरीणबाईंची?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांची मुळीच नाही. माझी. मी बदल केला आणि तपासला नाही. या तपासणार होत्या, मी त्यांच्यासाठी थांबायला तयार नव्हतो." आयुष्यात हे वाक्य मी कधीच एवढं सरळ बोललो नव्हतो.

"अर्धी माझी," आत्या म्हणाल्या.

मी चमकून बघितलं.

"अकरा वर्षांपूर्वी बाईंच्या मालकांचा मला फोन आला होता. मास्तर माणूस, नेमकं विचारणार. म्हणाले, यादीत ताजा आकडा कुठला धरू? मी म्हणाले, वरचा घ्या बिनधास्त, वरचा कायम ताजाच असतो. त्यांनी विचारलं, हे कुठे लिहिलंय का? मी म्हणाले, मी सांगतेय ना. लिहीन उद्या." आत्यांनी नाक पुसलं. "तो उद्या अकरा वर्षांत आला नाही. मीटिंगमध्ये हा म्हणाला, लिहिलंय कुठे? तेव्हाच सांगायला हवं होतं की वचन दिलंय, मी तोंडी दिलंय. पंधरा माणसांसमोर मला लाज वाटली रे. तेव्हा बोलले असते तर तू ऐकलं असतंस."

मी ऐकलं असतं का? मला माहीत नाही. ऐकलं असतं असं म्हणायची मला तेव्हा फार इच्छा झाली, पण खात्री नसताना कसं म्हणणार? मी आत्यांचा हात धरला. त्यातली वाटी त्यांनी अजून सोडलेली नव्हती.

काका आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. रागावतील, हाकलून देतील, असं मला वाटत होतं, आणि हाकललं असतं तर बरंच वाटलं असतं. पण बोलल्या त्या काकू. त्यांनी भिंतीवरचा एक कोरा कागद ओढून काढला, मापं लिहायचा, आणि टेबलावर आत्यांसमोर ठेवला. वर पेन ठेवलं.

"आज गोळी किती घ्यायची, उद्या किती, रक्त परत कधी तपासायचं, सगळं यावर लिहा," त्या म्हणाल्या. "बाईंना विचारून लिहा. तोंडी मला नको."

आत्यांनी वाटी खाली ठेवली. फोन कानाशी धरला, डॉक्टरीणबाई सांगत गेल्या आणि आत्या ठळक अक्षरात लिहीत गेल्या. आज गोळी नाही. उद्याही नाही. परवा सकाळी आठ वाजता तपासणी, त्यानंतर डॉक्टर सांगतील तेवढीच. लिहून झाल्यावर सगळं बाईंना परत वाचून दाखवलं, खाली तारीख टाकली, सही केली. काकूंनी कागद उचलला, डोळ्यांजवळ नेऊन ओळ न् ओळ वाचला आणि मग माझ्यासमोर ठेवला.

"तुम्हीपण करा," त्या म्हणाल्या.

मी सही केली.